सबस्क्रिप्शन, पास आणि जेमचे पॅक: गेमिंगचा महिन्याचा हिशोब मी कसा बसवला

बजेटचा आकडा ठरवण्याआधी मी मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या गोळा केल्या. छोट्या खरेदीच्या बाबतीत आठवणीवर विसंबता येत नाही आणि बँकेचं स्टेटमेंटही पुरं पडत नाही, कारण तिथे बऱ्याचदा गेमचं नाव येत नाही, स्टोअरचं येतं. एकाच स्टोअरच्या नावाखाली सीझन पास, जेमचा पॅक आणि फोटो साठवायची जागा असं सगळं एका रांगेत उभं असतं. काही वेळा तर दोन-तीन छोट्या खरेद्या एकत्र करून एकच रक्कम कापली जाते. ॲपलच्या स्टोअरवर हे सर्रास होतं. त्यामुळे स्टेटमेंटवर दिसणारा आकडा कुठल्याच वस्तूच्या किमतीशी जुळत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो.

पावत्या मात्र ईमेलमध्ये नीट पडून असतात. जीमेलच्या शोधपट्टीत मी हे टाकलं:

```
from:googleplay-noreply@google.com newer_than:3m
```

ॲपलच्या पावत्या `no_reply@email.apple.com` वरून येतात आणि स्टीमच्या `noreply@steampowered.com` वरून, म्हणून तेच वाक्य पत्ता बदलून पुन्हा वापरलं. ज्यांनी जुने ईमेल उडवले असतील त्यांनाही मार्ग आहे. गूगल प्लेमध्ये स्वतःच्या चित्रावर दाबून `Payments & subscriptions` आणि मग `Budget & history` उघडलं की पूर्ण यादी मिळते. ॲपलसाठी `reportaproblem.apple.com` ला लॉगिन केलं की प्रत्येक खरेदी वेगळी दिसते, एकत्र कापलेल्या रकमेची फोडसुद्धा. स्टीमवर `Account details` मध्ये `View purchase history` आहे.

स्टीमची यादी उतरवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथे वॉलेटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ असते आणि त्याच पैशांतून गेम घेतल्याची दुसरी. दोन्ही धरल्या तर खर्च दुप्पट दिसतो. इथे मला एक नियम ठरवावा लागला आणि पुढचा सगळा हिशोब त्याच नियमावर उभा राहिला: पैसे बँकेतून बाहेर पडले की खर्च झाला. वॉलेटमधली रक्कम, जेम, कॉइन हा सगळा त्यानंतरचा साठा. साठ्याची नोंद ठेवायची, पण तो वापरला म्हणून पुन्हा खर्च लिहायचा नाही.

हा नियम ऐकायला फार साधा वाटेल. पण गेममधलं चलन मुळात किंमत आणि वस्तू यांच्यामध्ये आडवं येतं. स्किनवर ‘१००० जेम’ लिहिलेलं असतं आणि खरे पैसे जातात ते दुसऱ्याच पानावर, पॅक घेताना. नोंद त्या दुसऱ्या पानावरच व्हायला हवी. युरोपीय संघातल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणांनी २०२५ च्या मार्चमध्ये गेममधल्या चलनाबद्दल तत्त्वं जाहीर केली, त्यात खऱ्या चलनातली किंमतही स्पष्ट दाखवावी आणि ग्राहकाला नको असलेलं जास्तीचं चलन घ्यायला लावू नये, असं म्हटलं आहे. सगळीकडे तसं होईल तेव्हा होईल. तोवर हे रूपांतर आपणच वहीत करायचं.

आता आकडे. किमती प्रत्येक देशात वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात, म्हणून इथे रक्कम न सांगता मी माझ्या पूर्ण महिन्याच्या गेमिंग बजेटला १०० भाग म्हणते. पुढचे सगळे आकडे या भागांमध्ये आहेत. मी स्वतः तक्त्यातही टक्क्यांचा रकाना ठेवते, कारण ‘हे बजेटच्या किती भाग आहे’ हे कळलं की निर्णय चटकन होतो.

आधी सबस्क्रिप्शन हिशोबाला घेतली. माझ्याकडे चार प्रकारची होती आणि चारही वेगवेगळ्या मुदतीची, हाच त्यातला गुंता. कन्सोलवर ऑनलाइन खेळायची मेंबरशिप वर्षाची, तिचे २१६ भाग एकदम जातात. गेम लायब्ररीचं सबस्क्रिप्शन महिन्याला २० भाग. फोनवरच्या एका गेमचं रोज थोडे जेम देणारं कार्ड ६ भागांचं. आणि त्याच गेमचा सीझन पास १२ भागांचा, सीझन ४२ दिवसांचा.

वर्षाच्या मेंबरशिपचा हिशोब सरळ आहे: २१६ भागिले १२, म्हणजे महिन्याला १८. मेंबरशिप ज्या महिन्यात कापली जाते तो महिना बिघडू नये म्हणून दर महिन्याचे हे १८ भाग मी वेगळे काढून ठेवते. हीच मेंबरशिप महिन्या-महिन्याने घेतली तर २४ भाग पडतात. म्हणजे ९ महिने घेतली तरी वर्षाचेच पैसे होतात आणि वर्षाची योजना स्वस्त ठरते ती दहाव्या महिन्यापासून. मी वर्षभर ऑनलाइन खेळते, म्हणून ती ठेवली. परीक्षेच्या किंवा कामाच्या हंगामात जे चार-पाच महिने कन्सोलला हात लावत नाहीत, त्यांना महिन्याचीच परवडेल.

कार्डाच्या बाबतीत माझा धाकटा भाऊ मध्येच म्हणाला, “ताई, महिन्याचंच कार्ड आहे ना? मग वर्षातून बारा वेळा, सोपं आहे.”

“महिन्याचं नाहीये रे ते. तीस दिवसांचं आहे. कॅलेंडर उघड आणि १ तारखेपासून मोज.”

त्याने मोजलं. ३१ दिवसांच्या महिन्यात १ तारखेला घेतलेलं कार्ड ३० तारखेला संपतं आणि ३१ तारखेला पुन्हा घ्यायची वेळ येते. त्या एका महिन्यात ६ ऐवजी १२ भाग जातात आणि बजेट ओलांडलं असं वाटतं, प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नसतं. वर्षाचे ३६५ दिवस भागिले ३० म्हणजे १२ पूर्ण कार्डं आणि वर थोडं. महिन्याचा खरा भार ६.१ भाग येतो. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर वर्षात १३ वेळा पैसे जातात, म्हणजे एक आख्खा हप्ता जास्त. आठवड्याचं सबस्क्रिप्शन तर आणखी फसवं. त्याला चाराने गुणून महिना काढला तर कमी दिसतं, कारण वर्षात ५२ आठवडे असतात आणि महिन्याला साधारण ४.३३ पडतात. मी प्रत्येक मुदतीचा आधी वर्षाचा खर्च काढते आणि मग त्याला १२ ने भागते. हे एकदा केलं की सगळी सबस्क्रिप्शन एका मापात येतात.

सीझन पासचंही तसंच: ३६५ भागिले ४२ म्हणजे वर्षात जवळजवळ ८.७ सीझन, १२ भागांनी गुणून वर्षाचे सुमारे १०४, महिन्याला ८.७ भाग.

चारही मिळून १८, २०, ६.१ आणि ८.७, म्हणजे जवळपास ५३ भाग. शंभरातले निम्म्याहून जास्त एकही नवीन गोष्ट विकत न घेता आधीच बांधलेले. हा आकडा पाहिल्यावर माझं लक्ष लायब्ररीच्या २० भागांकडे गेलं. खेळलेल्या वेळाची नोंद कन्सोल ठेवतंच, ती उघडली. मागच्या तीन महिन्यांत लायब्ररीतला एकच गेम मी खेळले होते आणि तो सुट्टा घेतला असता तर ४० भागांत कायमचा माझा झाला असता. तीन महिन्यांचे मी ६० दिले. म्हणून ते सबस्क्रिप्शन बंद केलं आणि लायब्ररीतल्या हव्या असलेल्या गेमची एक यादी सुरू केली. यादीत दोन गेम जमले की एक महिना पुन्हा घ्यायचं. माझ्या मते लायब्ररीचा सगळ्यात चांगला उपयोग असाच होतो: ठरवून, थोड्या काळासाठी, मनापासून खेळून.

बंद करण्याबद्दल दोन गोष्टी नक्की माहीत असाव्यात. फोनवरून गेम काढून टाकला म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते स्टोअरच्या खात्याशी जोडलेलं असतं. गूगल प्लेमध्ये `Payments & subscriptions` खाली `Subscriptions`, आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर दाबून `Subscriptions`, तिथूनच ते बंद होतं. दुसरं म्हणजे पैसे भरलेल्या मुदतीच्या मध्येच रद्द केलं तरी या दोन्ही स्टोअरवर साधारणपणे मुदत संपेपर्यंत वापरता येतं. म्हणून एकाच महिन्यासाठी काही घेत असेन तर घेतल्याबरोबर रद्द करून टाकते. फुकट चाचणीच्या मुदतीत ॲपलचा नियम वेगळा लक्षात ठेवावा लागतो: मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे कापले जातात.

लायब्ररी वजा केल्यावर बांधील खर्च ३३ भागांवर आला. उरलेले ६७ मी दोन ठिकाणी वाटले. ४५ भाग मोठ्या गेमसाठी साठवायचे आणि २२ भाग छोट्या खरेदीसाठी. मोठ्या गेमचा साठा पुढच्या महिन्यात जातो, छोट्या खरेदीचा जात नाही. छोट्याचे उरलेले भाग महिनाअखेरीस मोठ्यात जमा होतात. हा फरक मी मुद्दाम ठेवला आहे. छोट्या खरेदीचे पैसे साठत गेले तर एखाद्या महिन्यात ५०-६० भाग हाताशी येतात आणि मग गेममध्ये नेमका त्याच आकाराचा पॅक खुणावत असतो.

छोट्या खरेदीत पैसे जातात कसे आणि वाचतात कसे, हे एका स्किनच्या उदाहरणाने पूर्ण सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे.

स्किन १००० जेमची. माझ्याकडे साठ्यात २६० जेम, म्हणजे ७४० कमी. दुकानात तीन पॅक: २५० जेम ४ भागांना, ७०० जेम १० भागांना, १५०० जेम २० भागांना. मोठ्या पॅकवर ‘सर्वाधिक फायदा’ अशी पट्टी. ती पट्टी खोटी नाही. दर हजार जेमला लहान पॅक १६ भाग पडतो, मधला १४.३ आणि मोठा १३.३. पण मला हजार जेम नको होते, ७४० हवे होते. तेव्हा प्रश्न दराचा राहत नाही. एकूण किती पैसे जातील आणि मागे काय उरेल, हे बघायचं.

मोठा पॅक घेतला तर २० भाग जातात आणि स्किन घेऊन ७६० जेम उरतात. मधला आणि एक लहान घेतला तर १४ भाग, उरतात २१०. तीन लहान घेतले तर ७५० जेम १२ भागांत येतात आणि उरतात फक्त १०. दराने सगळ्यात महाग असलेला पॅक इथे एकूण खर्चात त्या दोन्हींपेक्षा स्वस्त पडतो. आणि चौथा पर्याय दुकानाच्या पानावर दिसतच नाही: मधला पॅक एकटा घेतला तर ९६० जेम होतात, ४० कमी पडतात. रोजच्या कामगिरीतून मला १० जेम मिळतात. स्किनची मुदत संपायला सहा दिवस होते आणि ४० जेम चार दिवसांत जमणार होते. म्हणून चार दिवस खेळून मग मधला पॅक घेतला: १० भाग, मागे काही नाही. २० आणि १० यांतला फरक म्हणजे माझ्या छोट्या खरेदीच्या महिन्याभराच्या वाट्याचा जवळजवळ अर्धा भाग.

जेम आधी जमवायचे आणि पॅक शेवटी घ्यायचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. पॅक आधी घेतला असता आणि मधल्या दिवसांत खेळायला जमलं नसतं, तर ९६० जेम आणि संपत आलेली मुदत, अशा अवस्थेत शेवटच्या ४० साठी आणखी ४ भागांचा पॅक घ्यावा लागला असता.

मोठा पॅक कधी घ्यावा? उरलेल्या जेमचं नाव आधीच ठरलेलं असेल तेव्हा. पुढचा सीझन पास जेमनेच घेता येत असेल आणि तो घ्यायचाच असेल, तर उरलेले ७६० वाया जात नाहीत आणि दराचा फायदा खराखुरा मिळतो. ‘कधीतरी लागतील’ याला मी नाव म्हणत नाही. पहिल्या खरेदीवर दुप्पट जेम देणारी सवलत असेल तर गणित बदलतं, तेव्हा ती जपून ठेवते आणि ज्या खरेदीत खरंच जास्त जेम लागणार आहेत तिथे वापरते.

नोंदीचा तक्ता साधा आहे. रकाने असे: तारीख, स्टोअर, गेम, काय घेतलं, प्रकार, भाग, आणि शेवटी साठ्यात उरलेले जेम. प्रकारात तीनच शब्द: ठरलेलं, छोटं, मोठं. महिन्याची पहिली तारीख `H1` मध्ये लिहिली की छोट्या खरेदीची बेरीज अशी निघते:

```
=SUMIFS(F:F,E:E,"छोटं",A:A,">="&H1,A:A,"<"&EDATE(H1,1))
```

हे सूत्र गूगल शीट्स आणि एक्सेल दोन्हींत चालतं. बेरीज शून्य आली तर बहुतेक वेळा ‘छोटं’ या शब्दापुढे एखादी रिकामी जागा टाइप झालेली असते किंवा तारीख मजकूर म्हणून बसलेली असते. म्हणून प्रकाराच्या रकान्यात मी निवडयादी लावली आहे, टाइप करावंच लागत नाही.

नोंद मी खरेदीच्या आधी करते. फोनवर तक्ता उघडून ओळ लिहायची, बेरीज २२ च्या आत आहे का बघायचं आणि मग गेममध्ये जायचं. गूगल प्लेमध्ये महिन्याचं बजेट टाकायची सोय आहे, तीही वापरते, पण ती काय करते हे माहीत असायला हवं: ती फक्त सूचना देते, खरेदी अडवत नाही. शिवाय तिला कन्सोलवरचा किंवा स्टीमवरचा खर्च दिसत नाही. अडवणारी गोष्ट वेगळी लागते. गूगल प्लेच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पटवायला लावणारा पर्याय आहे. आयफोनवर स्क्रीन टाइममधून इन-ॲप खरेदी पूर्ण बंद करता येते. कन्सोलवर मी बँकेचं कार्ड साठवून ठेवलेलंच नाही. ठरलेली रक्कम वॉलेटमध्ये भरते आणि ती संपली की खरेदी होतच नाही. याला एक मर्यादा आहे. सबस्क्रिप्शनच्या तारखेला वॉलेट रिकामं असेल तर नूतनीकरण अडतं, म्हणून त्या महिन्यात ठरलेल्या खर्चाचे पैसे आधी भरायचे आणि त्यांना हात लावायचा नाही.

महिनाअखेरीस ताळा करते. तक्त्यातली बेरीज आणि बँकेतून गेलेली बेरीज शेजारी ठेवायची. एकदा बँकेत ९ भागांची एक ओळ होती आणि तक्त्यात ९ ची एकही नोंद नव्हती. ४ चा पॅक आणि ५ चा एक छोटा गेम एकाच दिवशी घेतले होते, त्यांची रक्कम एकत्र कापली गेली होती. फरक लहान असेल आणि सगळ्या ओळींवर थोडा-थोडा असेल तर बहुधा कर किंवा परकीय चलनाचं शुल्क असतं. मग तक्त्यात दुकानातली किंमत न लिहिता पावतीवरची अंतिम रक्कम लिहायची. फरक नेमका एका सबस्क्रिप्शनएवढा असेल तर एक तर किंमत न बदलता नूतनीकरण एक दिवस मागे-पुढे होऊन महिन्याच्या सीमेपलीकडे गेलं आहे, नाहीतर चाचणीची मुदत संपून काहीतरी आपोआप सुरू झालं आहे. दुसऱ्या शक्यतेसाठी मी स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी त्याच वेळी उघडून बघते. प्रत्येकाची पुढची तारीख तिथे लिहिलेली असते.

त्या तारखा मी आता कॅलेंडरवर तीन दिवस आधीच्या आठवणीसह टाकते. त्यातून पुढचा महिना कसा जाणार हे आधीच दिसतं. येत्या महिन्यात तीस दिवसांचं कार्ड दोनदा येतंय आणि नवा सीझनही त्याच महिन्यात सुरू होतोय, म्हणजे फोनवरच्या त्या एका गेमचेच २४ भाग जाणार, सरासरीने धरलेल्या १४.८ पेक्षा ९.२ जास्त. ते मोठ्या गेमच्या साठ्यातून उसने काढायचे असं तक्त्यात लिहून ठेवलं आहे, आणि नंतरच्या ज्या महिन्यात नवा सीझन सुरू होणार नाही त्यात ते परत भरायचे. भावाने विचारलं की मग दुसरं कार्ड दोन दिवस उशिरा का घेत नाहीस. तेही बरोबर आहे. रोजचे जेम दोन दिवस बुडतील, पण कार्ड पुढच्या महिन्यात सरकेल. या वेळी तसंच करून बघणार आहे.